आकड्यातली उसळी आणि शेऱ्याचा रकाना

रोज नव्याने भरल्या जाणाऱ्या आकडेवारीत अधूनमधून एखादा आकडा आजूबाजूच्या आकड्यांना सोडून एकदम वर जातो. पावसाची नोंद, बाजार समितीतली आवक, रुग्णालयातले मृत्यू, विजेचा वापर, कुठल्याही तक्त्यात हे घडते. अशा उसळीमागे साधारणपणे तीनपैकी एक कारण असते. प्रत्यक्षातच काही मोठे घडलेले असते, किंवा मोजण्यात अथवा टंकण्यात चूक झालेली असते, किंवा घटना जुन्या असून त्यांची नोंद मात्र आज एकगठ्ठा झालेली असते. नुसत्या आकड्याकडे पाहून यातले नेमके कोणते कारण आहे, हे कळत नाही. म्हणून आकडेवारी सांभाळणारे लोक दोन कामे वेगळी ठेवतात. संशयास्पद आकडा हेरण्याचे काम एक साधी सांख्यिकीय मर्यादा करते. तो का आला, हे माणूस तपासतो आणि त्याच्यापुढे शेरा लिहितो. आकडा मात्र आहे तिथेच राहतो.

या पद्धतीची गरज किती खरी आहे, हे महाराष्ट्राच्या करोनाकाळातील एका दिवसावरून स्पष्ट होते. जून २०२० मध्ये राज्याचा आरोग्य विभाग रोज संध्याकाळी त्या दिवसाचे नवे रुग्ण आणि मृत्यू जाहीर करत असे. ९ ते १५ जून या सात दिवसांत जाहीर झालेले मृत्यू अनुक्रमे १२०, १४९, १५२, १२७, ११३, १२० आणि १७८ होते. १५ जूनच्या संध्याकाळी राज्यातील एकूण मृत्यूंची संख्या ४,१२८ होती. दुसऱ्या दिवशी ती ५,५३७ झाली. म्हणजे एका दिवसात १,४०९ मृत्यूंची भर पडली.

त्या दिवशी साथीने अचानक दहापट उग्र रूप घेतले नव्हते. रुग्णालये, महापालिका आणि जिल्हे यांच्याकडील नोंदी राज्याच्या यादीशी ताडून पाहिल्यावर १,३२८ मृत्यू यादीत यायचे राहून गेल्याचे आढळले होते. त्यांतील ८६२ मुंबईतले आणि ४६६ उर्वरित राज्यातले होते. ते सगळे १६ जूनच्या आकड्यात एकदम मिळवले गेले. नेहमीच्या रोजच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशीचे मृत्यू ८१ होते. पण ज्याच्या हाती फक्त ‘तारीख’ आणि ‘मृत्यू’ असे दोन रकान्यांचे कोष्टक होते, त्याला दिसत होता तो १,४०९ हा एकच आकडा.

असा आकडा आपोआप नजरेत यावा यासाठी आधी ‘नेहमीचे’ म्हणजे किती, हे ठरवावे लागते. पहिल्यांदा सुचते ती सरासरी. वरच्या सात दिवसांची सरासरी १३७ येते. आकडे या सरासरीभोवती किती पसरले आहेत, हे सांगणारे माप म्हणजे प्रमाण विचलन. ते येथे सुमारे २३.५ आहे. सरासरीत प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवली की २०७ च्या आसपास मर्यादा येते, आणि तिच्या वर गेलेला आकडा तपासायचा असा नेम करता येतो. १,४०९ त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहे. येथवर सरळ वाटते.

अडचण येते ती संशयित आकडा स्वतःच हिशेबात शिरला की. समजा कोष्टक आपोआप ताजे होते आणि शेवटचे सात दिवस म्हणून १० ते १६ जून घेते. आता सरासरी १३७ वरून ३२१ वर जाते आणि प्रमाण विचलन तब्बल ४८० होते. मर्यादा सुमारे १,७६२ वर चढते आणि १,४०९ तिच्याखालून निसटतो. आकड्याने स्वतःच आपली मर्यादा वर ढकलली. हा या एका उदाहरणाचा योगायोग नाही. सात आकड्यांच्या गटात कोणताही एक आकडा, मग तो एक कोटी का असेना, सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या २.२७ पटींहून दूर जाऊच शकत नाही. गणितच तसे आहे. गटात निदान अकरा आकडे असल्याखेरीज तिप्पट मर्यादा ओलांडणे शक्यच होत नाही. आठवड्याच्या खिडकीवर तिप्पट प्रमाण विचलनाचा नेम लावून ‘आमच्या माहितीत एकही उसळी नाही’ असे म्हणणारे कोष्टक म्हणूनच अजिबात विश्वासाचे नसते.

यावरचा उपाय शाळेत शिकवलेल्या मध्यकात आहे. आकडे चढत्या क्रमाने मांडले की बरोबर मधला येतो तो मध्यक. ९ ते १५ जूनचे आकडे असे लावले तर ११३, १२०, १२०, १२७, १४९, १५२, १७८ हा क्रम येतो आणि मध्यक १२७ मिळतो. आता प्रत्येक आकडा या १२७ पासून किती दूर आहे ते पाहायचे. ही अंतरे ०, ७, ७, १४, २२, २५, ५१ अशी आहेत. त्यांचाही मध्यक काढला की १४ येतो. नेहमीचा दिवस मध्यकापासून साधारण किती हलतो, याचे हे माप आहे. त्याला १.४८२६ ने गुणतात. घंटेच्या आकाराच्या सामान्य वितरणात हा गुणाकार प्रमाण विचलनाइतका भरतो, एवढाच त्या विचित्र दिसणाऱ्या संख्येचा अर्थ. येथे गुणाकार सुमारे २०.८ येतो. त्याची तिप्पट मध्यकात मिळवली की १८९ ही मर्यादा ठरते.

१५ जूनचे १७८ मृत्यू या मर्यादेच्या आत राहतात, आणि ते योग्यच आहे. तो दिवस आठवड्यातला सर्वांत वाईट होता, पण विसंगत नव्हता. १६ जूनचे १,४०९ मात्र सरळ पकडले जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १,४०९ हा आकडा हिशेबात धरला तरी मध्यक फक्त १४९ होतो, अंतरांचा मध्यक २९ होतो आणि मर्यादा २७८ वर थांबते. एका भरमसाट आकड्याने मध्यक फारसा हलत नाही, कारण मध्यकाला फक्त तो आकडा वरच्या बाजूला आहे एवढेच समजते, तो किती वर आहे याने त्याला फरक पडत नाही.

गूगल शीट्ससारख्या कोष्टकात हे तीन सूत्रांत बसते. ब रकान्याच्या जागी B मध्ये रोजचे मृत्यू असतील आणि नवव्या ओळीत आजचा दिवस असेल, तर C9, D9 आणि E9 मध्ये अनुक्रमे ही सूत्रे येतील:

```
=MEDIAN(B2:B8)
=ARRAYFORMULA(MEDIAN(ABS(B2:B8-C9)))
=IF(ABS(B9-C9)>3*1.4826*D9,"तपासा","")
```

पहिली दोन सूत्रे आजचा दिवस वगळून मागचे सात दिवस पाहतात. मध्यक भक्कम असला तरी आरोपीला पंचांत न बसवणेच बरे. तिसऱ्या सूत्रात ABS आहे, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर वर गेला तरी खूण पडते आणि खाली गेला तरी पडते. खालच्या बाजूची राखणही तितकीच लागते. २५ मे २०२० रोजी स्पेनने आपल्या यादीची छाननी करून करोना मृत्यूंची एकूण संख्या २८,७५२ वरून २६,८३४ वर आणली. बेरजेतून बेरीज वजा करून रोजचे मृत्यू काढणाऱ्या कोष्टकांत त्या दिवशी उणे १,९१८ मृत्यू दिसले. ऋण मृत्यू असू शकत नाहीत, म्हणून अशा ओळी गुपचूप शून्य करण्याचा मोह होतो. पण शून्य केले की एकूण बेरीज कायमची १,९१८ ने जास्त राहते.

खूण पडल्यानंतरचा खरा प्रश्न आकड्याचे काय करायचे हा असतो. पुष्कळ ठिकाणी मर्यादेबाहेरची ओळ सरळ गाळली जाते, किंवा तिच्या जागी आधीच्या आठवड्याची सरासरी घातली जाते. आलेख गुळगुळीत होतो आणि पाहणाऱ्याला बरा वाटतो. महाराष्ट्राच्या उदाहरणात याची किंमत मोजून पाहता येते. १६ जूनची ओळ गाळली, तर १,३२८ माणसांचे मृत्यू दुसऱ्यांदा यादीतून नाहीसे होतात. आधी ते नोंदीतून राहून गेले होते, आता नोंद झाल्यावर पुसले गेले. त्यांच्याबरोबर त्या दिवशीचे ८१ मृत्यूही जातात, ज्यांच्याबद्दल कोणाला काही संशय नव्हता. शिवाय रोजच्या आकड्यांची बेरीज ५,५३७ या जाहीर संख्येशी जुळत नाही, आणि सहा महिन्यांनी कोष्टक उघडणाऱ्याला १,४०९ चा फरक कोठून आला हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

दुसऱ्या टोकाला, काहीच न करता आकडा तसाच वापरला तरी चित्र चुकते. १० ते १६ जूनची सात दिवसांची सरासरी १,४०९ धरून ३२१ येते. जुने मृत्यू बाजूला ठेवून ८१ धरले तर ती १३१ येते. एका आलेखात साथ आठवड्यात दुपटीहून अधिक भडकलेली दिसते, दुसऱ्यात ती जवळपास आहे तिथेच आहे. त्यातही सात दिवसांच्या सरासरीत ही उसळी सात दिवस मुक्काम करते आणि २३ जूनला खिडकीबाहेर पडताच सरासरी कड्यावरून कोसळल्यासारखी खाली येते. त्या उताराला ‘साथ ओसरली’ असे समजणे ही पहिल्या चुकीतून जन्मलेली दुसरी चूक ठरते.

शेरा लिहिला की दोन्ही टोके टळतात. सरकारी नोंदवहीत शेवटचा रकाना ‘शेरा’ म्हणून राखलेला असतो. इथेही नेमके तेच करायचे असते, फक्त थोड्या शिस्तीने. मूळ आकड्याला हात लावायचा नाही. त्याच्या शेजारी यंत्राने घातलेली खूण, माणसाने शोधलेले कारण आणि वापरण्याजोगा आकडा असे वेगळे रकाने ठेवायचे. १५ आणि १६ जूनच्या ओळी मग अशा दिसतात:

```
तारीख,जाहीर_मृत्यू,खूण,कारण,त्यातील_जुने,कलासाठी
2020-06-15,178,,,,178
2020-06-16,1409,तपासा,जुनी नोंद,1328,81
```

एकूण मृत्यू मोजणारा ‘जाहीर_मृत्यू’ हा रकाना घेईल आणि त्याची बेरीज राज्याच्या आकड्याशी जुळेल. साथ वाढते आहे की उतरते आहे हे पाहणारा ‘कलासाठी’ हा रकाना घेईल. नोंदी किती उशिराने होतात याचा अभ्यास करणाऱ्याला ‘त्यातील_जुने’ हाच सर्वांत मोलाचा रकाना वाटेल. तिघांचे प्रश्न वेगळे आहेत, आणि ओळ गाळली असती तर तिघांपैकी एकालाही खरे उत्तर मिळाले नसते.

खूण आणि कारण हे दोन रकाने वेगळे ठेवण्यामागेही अर्थ आहे. खूण म्हणजे फक्त ‘हा आकडा नेहमीसारखा नाही’ एवढे विधान. त्यात चूक-बरोबरचा निवाडा नसतो. खुणेलाच निवाडा मानले की काय होऊ शकते, हे हवामानाच्या दोन नोंदींवरून कळते.

२७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच काळात कुलाब्याची नोंद ७३ मिलिमीटर होती. एकाच शहरातली दोन केंद्रे, आणि त्यांत जवळपास तेरापटींचा फरक. कोणतीही सांख्यिकीय मर्यादा सांताक्रूझच्या आकड्यावर खूण घालेल, आणि ‘शेजारच्या केंद्राशी जुळत नाही’ म्हणून तो गाळणारी आज्ञावलीही सहज लिहिता येते. पण तो पाऊस खरा होता. उपनगरे पाण्याखाली गेली होती, आणि पुढे मुंबईतील पाण्याच्या निचऱ्याची प्रत्येक चर्चा त्या आकड्यापाशी येऊन ठेपली.

दुसरी नोंद नागपूरची. ३० मे २०२४ रोजी तेथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले. भारतात अधिकृतपणे नोंदलेले सर्वोच्च तापमान राजस्थानातील फलोदी येथील ५१ अंश आहे, १९ मे २०१६ चे. हवामान विभागाने नागपूरचा आकडा संवेदकातील बिघाडामुळे आल्याचे लगेच स्पष्ट केले. येथे आकडा चुकीचा होता, तरीही तो पुसून टाकण्यापेक्षा ‘संवेदकात बिघाड’ असा शेरा मारून ठेवणे अधिक उपयोगाचे. संवेदक बहुधा एका दिवसात बिघडत नाही. त्या केंद्राचे आधीचे काही आठवडेही शेजाऱ्यांपेक्षा थोडे वर होते का, हे मागे जाऊन पाहायचे असेल तर ५६ चा आकडा जागेवर असावा लागतो.

सांताक्रूझ आणि नागपूर या दोन्ही आकड्यांवर मर्यादेने सारखीच खूण घातली असती. त्यांतला फरक माणसाने केलेल्या तपासणीतून कळला. तपासणीला फार अवघड साधने लागत नाहीत. त्याच दिवशी शेजारची केंद्रे काय म्हणतात, संबंधित दुसरे मोजमाप हलले आहे का, मूळ कार्यालयाने पत्रकात काही खुलासा केला आहे का, हे पाहायचे. १६ जूनच्या बाबतीत तर उत्तर राज्याच्या खुलाशातच होते. त्या दिवशी नव्या रुग्णांच्या आकड्यात तशी कोणतीही उसळी नव्हती, हाही मोठा पुरावा होता. रुग्णसंख्या जागच्या जागी असताना मृत्यू एका रात्रीत दहापट होत नाहीत.

माहिती ताजी होत राहते, यातून एक वेगळाच पेच उभा राहतो. नव्या फेरीत फक्त नवी ओळ येते असे नाही, जुन्या ओळीही बदलून येतात. ज्या आकड्यावर काल खूण होती तो आज दुरुस्त होऊन आलेला असतो, आणि कालचा शेरा मात्र तसाच चिकटून राहतो. म्हणून शेऱ्यासोबत तो कधी लिहिला आणि त्या वेळी आकडा किती होता, हेही नोंदवावे लागते. प्रत्येक फेरीत खुणा नव्याने काढाव्यात, पण माणसाने लिहिलेली कारणे यंत्राने आपणहून पुसू नयेत. आकडा बदलला असेल तर कारणापुढे ‘पुन्हा पाहा’ एवढे येणे पुरे.

साध्या मर्यादेच्या उणिवाही माहीत असायला हव्यात. लहान जिल्ह्यात आठवड्यात सहा दिवस शून्य मृत्यू आणि एक दिवस एक मृत्यू असेल, तर मध्यक शून्य येतो, अंतरांचा मध्यकही शून्य येतो, आणि मग एकही मृत्यू मर्यादेबाहेरचा ठरतो. कोष्टक खुणांनी भरून जाते आणि पाहणारे त्यांकडे दुर्लक्ष करू लागतात. तेथे किमान अंतर हाताने ठरवावे लागते, उदाहरणार्थ मध्यकापेक्षा निदान पाचाने जास्त असल्याशिवाय खूण नको. सुट्टीचाही असाच परिणाम होतो. रविवारी प्रयोगशाळा आणि कार्यालये अर्धवट चालतात, त्यामुळे सोमवारी जाहीर होणारे आकडे उतरतात आणि मंगळवार-बुधवारी भरपाई होते. अशा वेळी सोमवारची तुलना मागच्या चार-पाच सोमवारांशी करणे शहाणपणाचे.

खरी लाट येते तेव्हा मर्यादा मागे पडते. मागच्या आठवड्यावरून काढलेली मर्यादा वाढत्या आकड्यांना रोज परकेच समजते आणि ओळीने पाच-सहा दिवस खूण पडत जाते. ही उणीव असली तरी तिच्यातच ओळखीची खूणही आहे. जुन्या नोंदींचा गठ्ठा एक-दोन दिवस उसळी मारतो आणि आकडे पूर्वपदावर येतात. खुणा सलग पडू लागल्या आणि आकडे परत फिरले नाहीत, तर बदल बहुधा खरा असतो. गाळण्याची पद्धत येथे सर्वांत घातक ठरते, कारण ती नेमका लाटेचा सुरुवातीचा चढ कापून टाकते.

एक प्रकार मात्र कोणत्याही मर्यादेला सापडत नाही. १,३२८ जुने मृत्यू एकगठ्ठा न येता रोज चाळीस-पंचेचाळीस या हिशेबाने महिनाभर मिसळत गेले असते, तर एकही दिवस मर्यादेबाहेर गेला नसता आणि कल मात्र महिनाभर चुकीचा दिसला असता. अशी ठिबक फक्त माहितीच्या उगमापाशीच ओळखता येते, मृत्यूची तारीख आणि नोंदीची तारीख वेगळी लिहिली तर. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने पुढे आपल्या दैनिक पत्रकात तेच सुरू केले. जाहीर झालेल्या मृत्यूंपैकी किती मागील ४८ तासांतले, किती मागील आठवड्यातले आणि किती त्याहून जुने, हे पत्रकात स्वतंत्रपणे दिले जाऊ लागले.